‘ऑर्डर करा’ म्हटलं आणि ऑर्डर गेलीच नाही: बटणांवरच्या मजकुरातल्या या चुका टाळा

छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट तपासायला येतात, तेव्हा मी आधी सगळी बटणं एका कागदावर उतरवून काढतो. आजूबाजूचा मजकूर, फोटो, रंग काहीच नाही, फक्त बटणांवरचे शब्द. यादी बहुतेक वेळा अशी निघते: सबमिट करा, क्लिक करा, पुढे जा, अधिक जाणून घ्या, ओके. मग मी मालकाला फोन करून ती यादी वाचून दाखवतो आणि प्रत्येक शब्दापाशी विचारतो, ‘हे दाबल्यावर काय होईल?’ ज्याची साइट आहे त्यालाच सांगता येत नसेल, तर पुण्यात बसलेल्या गिऱ्हाइकाला कसं कळावं?

नवीन मुलं मला विचारतात, बटण हिरवं ठेवू की केशरी. आधी ते दाबल्यावर काय होतं ते मला एका वाक्यात सांग, मग रंगाचं बघू, असं माझं उत्तर असतं. ‘डिझाइन होऊ दे, मजकूर शेवटी टाकू’ ही घाई मला अजिबात मान्य नाही. पुढे काय घडणार हे ठरलेलं नसतं, म्हणूनच बटणावर ‘सबमिट’ येतं.

व्हॉट्सअ‍ॅप उघडणाऱ्या बटणाला ‘ऑर्डर करा’ म्हणणं

ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि नुकसानही हीच सर्वांत जास्त करते. रत्नागिरीकडच्या एका हापूस बागायतदारांचं उदाहरण सांगतो. साइट आधीच कुणीतरी करून दिली होती. पेटीच्या फोटोखाली मोठं बटण, ‘ऑर्डर करा’. ते दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं आणि चौकटीत आधीच लिहिलेलं असायचं, ‘नमस्कार, मला हापूसची ऑर्डर द्यायची आहे.’

अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर काकांना फोन सुरू झाले. ‘अहो काका, चार दिवस झाले ऑर्डर देऊन, पेटी कुठाय?’ काका व्हॉट्सअ‍ॅप तपासायचे, तर त्या नंबरवरून एकही मेसेज नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, तुमच्याच साइटवर ‘धन्यवाद! तुमची ऑर्डर मिळाली’ असं आलं होतं. काकांना वाटलं लोक खोटं बोलतायत, आणि लोकांना वाटलं काका फसवतायत. सणासाठी सांगून ठेवलेला आंबा वेळेवर पोचला नाही की नंतर कितीही समजावलं तरी ते गिऱ्हाईक परत येत नाही.

त्यातल्या एका ताईंना मी फोनवरच व्हॉट्सअ‍ॅप उघडायला सांगितलं. काकांच्या नावासमोर तो मेसेज चौकटीत तसाच पडून होता, पाठवलेलाच नव्हता. त्यांनी ‘ऑर्डर करा’ दाबलं, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आपल्या ऑर्डरचं वाक्य लिहिलेलं दिसलं, ऑर्डर गेली असं समजून त्या मागे आल्या. मागे आल्यावर साइटने धन्यवादही म्हटलं. त्यांची काहीच चूक नव्हती. बटणाने जे सांगितलं, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

या लिंकचं काम कसं चालतं ते नीट समजून घ्या.

```html
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX?text=...">
```

`wa.me` ची लिंक फक्त चॅट उघडते आणि `text=` पुढचा मजकूर चौकटीत भरून देते. पाठवायचं बटण माणसालाच दाबावं लागतं. त्याने ते दाबलं की नाही, हे तुमच्या वेबसाइटला कधीच कळत नाही. म्हणजे ‘ऑर्डर मिळाली’ असं त्या पानावर लिहायला काही आधारच नव्हता. साइट करणाऱ्याने काम पूर्ण दिसावं म्हणून बटण दाबताक्षणी ते पान दाखवायची सोय केली होती.

आम्ही बटणावर लिहिलं, ‘व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर लिहा’. त्याखाली लहान अक्षरात: ‘व्हॉट्सअ‍ॅप उघडेल. तयार मेसेजमध्ये पेट्या आणि पत्ता भरून तो तुम्हीच पाठवायचा आहे. आम्ही दर कळवला की ऑर्डर पक्की.’ आतला मेसेजही बदलला. पेटी किती डझनाची, किती पेट्या, पूर्ण पत्ता, पिनकोड, अशा रिकाम्या ओळी ठेवल्या. ओळी रिकाम्या दिसल्या की काहीतरी भरायचं बाकी आहे, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. धन्यवादाचं पान काढून तिथे लिहिलं, ‘मेसेज पाठवलात का? राहिला असेल तर व्हॉट्सअ‍ॅप परत उघडा.’

बटण लांबलं, अशी तक्रार आली. लांबू दे. दोन शब्द वाचवून पेटी चुकवण्यापेक्षा ते बरं.

तपासताना एक गोष्ट कराच. लिंकमधला नंबर देशाच्या कोडसकट, पण अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य आणि मोकळी जागा न ठेवता लिहावा लागतो. तो चुकला की ‘व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा’ म्हणणारं बटणही खोटं ठरतं. `tel:` च्या लिंकचंही असंच. ‘चौकशी करा’ दाबलं आणि थेट डायलर उघडला की माणूस दचकतो. त्यावर ‘फोन लावा’ असंच लिहा, आणि फोन कोणत्या वेळेत उचलला जाईल तेही शेजारी द्या.

पैसे कापले जाणार, हे बटणावर न सांगणं

‘ऑर्डर पूर्ण करा’, ‘पुढे जा’, ‘नक्की करा’. यातलं कोणतं बटण दाबल्यावर पैसे जातात? तिन्ही वाचून मला सांगता येत नाही. माझी सवय साधी आहे: ज्या बटणानंतर पैसे जाणार, त्यावर रक्कम हवीच. ‘₹३,४५० भरा’. पैसे पुढच्या पानावर जाणार असतील तर ‘पैसे भरायच्या पानावर जा’, आणि पेटी घरी आल्यावर द्यायचे असतील तर ‘ऑर्डर द्या, पैसे पेटी मिळाल्यावर’. पाठवणीचा खर्च धरूनच ही रक्कम लिहायची. बटणावर एक आकडा आणि बँकेच्या मेसेजमध्ये दुसरा, असं झालं की भांडण ठरलेलंच.

जर्मनीत यावर कायदाच आहे. ऑगस्ट २०१२ पासून तिथे ऑनलाइन विकणाऱ्याला शेवटच्या बटणावर ‘पैसे देण्याच्या बंधनासह ऑर्डर’ या अर्थाचे किंवा तितकेच स्पष्ट शब्द लिहावे लागतात, नाहीतर तो करार ग्राहकावर बंधनकारक होत नाही. एका हॉटेल बुकिंगचं प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं. बटणावर ‘बुकिंग पूर्ण करा’ अशा अर्थाचे शब्द होते. २०२२ साली न्यायालयाने सांगितलं की पैसे द्यावे लागणार हे ग्राहकाला कळतं का, हे ठरवताना फक्त बटणावरचे शब्द बघायचे, आसपासचा मजकूर किंवा परिस्थिती नाही. माझ्या कागदावरच्या यादीमागेही हाच विचार आहे. गिऱ्हाईक वरचा परिच्छेद वाचत नाही, त्याचं बोट आणि नजर बटणावर असते.

‘रद्द करा’ विचारून ‘रद्द करा’ देणं

कोकणातल्या होमस्टेच्या साइटवर हे हमखास सापडतं. पाहुणा बुकिंग रद्द करायला जातो. चौकट येते: ‘बुकिंग रद्द करायचं आहे का?’ खाली दोन बटणं, ‘ओके’ आणि ‘रद्द करा’. आता ‘रद्द करा’ दाबल्यावर बुकिंग रद्द होणार, की रद्द करण्याचा विचार रद्द होणार? बुकिंग खरंच रद्द करायचं असतं तो माणूस सरळ ‘रद्द करा’ दाबतो आणि निर्धास्त होतो. बुकिंग मात्र तसंच राहतं. मालक खोली अडवून वाट बघतो, पाहुणा पैसे परत यायची वाट बघतो.

हे बहुधा `confirm()` वापरल्यामुळे होतं. ती चौकट ब्राउझरची असते, तिची बटणं ब्राउझरच्याच भाषेत येतात आणि त्यांचा मजकूर आपल्याला बदलता येत नाही. एका ओळीत काम होतं म्हणून सगळे तेच टाकतात. थोडे कष्ट घेऊन स्वतःची चौकट करा:

```html
<dialog id="radd">
  <p>१२ मेचं बुकिंग रद्द करायचं?</p>
  <button type="button">बुकिंग ठेवा</button>
  <button type="button">बुकिंग रद्द करा</button>
</dialog>
```

ही चौकट `showModal()` ने उघडायची आणि दोन्ही बटणांना आपापलं काम जोडायचं. प्रश्न न वाचता फक्त बटणं वाचली तरी कोणतं काय करेल ते कळतं. पैसे परत मिळणार की नाही, हेही इथेच, बटणांच्या वर लिहा. दाबल्यानंतर सांगून उपयोग नाही.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

‘इथे क्लिक करा’ लिहू नका. डोळ्यांनी न बघता स्क्रीन रीडरने पान वापरणारी माणसं नुसत्या लिंकांची यादी ऐकतात, आणि त्यांना आठ वेळा ‘इथे क्लिक करा’ ऐकू येतं.

बटण एक म्हणतं आणि पुढचं पान दुसरंच. ‘दरपत्रक पाहा’ दाबल्यावर मोबाइल नंबर मागणारा फॉर्म आला, तर बटणावर ‘नंबर द्या, दरपत्रक पाठवतो’ असं लिहा. मी तर आधी पुढच्या पानाचं शीर्षक लिहितो आणि त्यावरून मागचं बटण.

नकाराच्या बटणावर माणसाला लाजवू नका. ‘नको, मला बचत नको आहे’ छापाची बटणं परदेशी साइट बघून इकडे आली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्न्सविषयीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत हा प्रकार ‘कन्फर्म शेमिंग’ म्हणून नावानिशी दिलेला आहे. ‘नको’ एवढं पुरतं.

फॉर्मखाली ‘रीसेट’ बटण ठेवूच नका. भरलेला पत्ता एका चुकीच्या स्पर्शाने पुसला जातो आणि ते गिऱ्हाईक तो परत भरत नाही.

शब्द बरोबर, पण वाचता येत नाहीत

इंग्रजीसाठी केलेलं तयार टेम्पलेट घेऊन त्यात मराठी शब्द ओतले की ही अडचण येते. बटणाची उंची ठरावीक, ओळीची उंची १, आणि बाहेर जाईल ते कापायचं, अशी मांडणी असते. देवनागरीत अक्षराच्या वर रफार आणि वेलांट्या, खाली उकार. मी ‘पूर्ण’ हा शब्द टाकून बघतो, कारण त्यात खाली ऊकार आणि वर रफार दोन्ही आहेत. ‘पण’ असं काहीतरी दिसायला लागलं तर मांडणी अशी बदला:

```css
.btn {
  min-height: 48px;
  padding: 10px 20px;
  line-height: 1.5;
  white-space: normal;
}
```

`height` काढून `min-height` ठेवल्यावर लांब मजकूर दोन ओळींत मोकळेपणाने बसतो. ‘बटणात मावत नाही’ म्हणून ‘व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर लिहा’चं पुन्हा ‘ऑर्डर करा’ करायची वेळ येत नाही. हे तपासताना स्वतःच्या मोठ्या फोनवर विसंबू नका. घरातल्या ज्येष्ठांचा फोन घ्या, ज्यात अक्षरांचा आकार सेटिंगमधून वाढवलेला असतो, आणि पैसे भरायच्या बटणावर रकमेचा शेवटचा आकडा दिसतोय का ते बघा.