एका रात्रीत 214 भेगा

चंद्रपूरकडच्या एका गावाबाहेर, कोळशाच्या कन्व्हेयरच्या भुयारात मी नाइट शिफ्ट करतो. रात्री एक ते चार बेल्ट बंद असतो. तेवढ्या वेळात रुळावरचा रोबो काँक्रीटच्या भिंतीचे फोटो काढत जातो आणि भेग दिसली की अलर्ट देतो. 0.3 मिलिमीटरपेक्षा रुंद भेग लाल. एरवी रात्रीला पाच-सहा अलर्ट येतात. मे महिन्यातल्या त्या रात्री 214 आले.

शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, "काहून डोकं खपवून राह्यला? थ्रेशोल्ड वाढवून टाक."

थ्रेशोल्ड म्हणजे रोबोला किमान किती खात्री असली की अलर्ट द्यायचा, तो आकडा. मी तो वाढवून पाहिला आणि घाबरलो. खोटे अलर्ट तसेच राहिले, उलट खांबाजवळची जुनी, आमच्या ओळखीची भेग यादीतून गेली. सावलीची रेघ सरळ आणि ठळक, म्हणून रोबोला तिची जास्त खात्री. खरी भेग वाकडी, तुटक, फिकट. थ्रेशोल्ड वाढला की आधी तीच गळते. नवीन पोरं हीच चूक करतात. मीही करून बसलो होतो.

मग फोटो एकेक करून पाहिले. सगळ्या रेघा उभ्या, ठरावीक अंतरावर, म्हणजे शटरिंगच्या प्लेटांच्या सांध्यांवर. तिथे काँक्रीटची अर्धा मिलिमीटर कडा बाहेर आलेली असते. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना एलईडी आहेत, त्यामुळे एकाची सावली दुसरा पुसतो. प्रकाश एकाच बाजूने 45 अंशांत आला, तर कडेची सावलीही अर्धा मिलिमीटरच पडते. रोबोच्या लेखी ती लाल भेग.

पण स्क्रीनवर दोन्ही लाइट 'OK' होते!

बेल्ट लॉक केल्याची खात्री करून, परमिट घेऊन मी आणि हेल्पर काका आत गेलो. रोबोचे दिवे बंद करून काकांनी एका सांध्यावर आधी डावीकडून, मग उजवीकडून टॉर्च मारला. रेघ कडेच्या दुसऱ्या बाजूला सरकली. खांबाजवळची भेग मात्र जागची हलली नाही. ओलं फडकं फिरवलं, तर आजूबाजूची भिंत वाळल्यावरही ती काळीच दिसत राहिली, कारण भेगेत पाणी मुरतं.

डाव्या एलईडीच्या काचेवर कोळशाच्या धुळीचा थर बसला होता. रोबो दिव्यात जाणारा करंट मोजतो, बाहेर पडणारा उजेड नाही, म्हणून 'OK'. काकांनी गमछ्यानेच काच पुसली. (गमछ्याने पुसू नका, ओरखडे पडतात.)

थ्रेशोल्ड जुन्या आकड्यावर आणून पुन्हा फेरी मारली. सहा अलर्ट आले, त्यात खांबाजवळची भेग होती.

आता फेरीआधी मी भिंतीवरच्या पांढऱ्या पाटीचा एक फोटो काढतो आणि डाव्या-उजव्या अर्ध्यांचा उजेड ताडून बघतो. एका बाजूला अंधारलं दिसलं, की आधी काच पुसायची, मगच रोबो सोडायचा.