अनेक प्रयोगांचा पेपर: दोन प्रयोगांमधला सांधा कसा लिहायचा

मानसशास्त्रात पीएच.डी. करताना दोन-तीन प्रयोग पूर्ण होतात आणि ते एकाच पेपरमध्ये बसवायची वेळ येते. पहिला मसुदा बहुतेक वेळा तीन छोटे पेपर एकाखाली एक ठेवल्यासारखा होतो. प्रत्येक भाग आपापल्या जागी बरा असतो, पण पुढचा प्रयोग का केला ते वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून इथे फक्त या सांध्याबद्दल.

उदाहरण नागपूरचंच कल्पू. इथला विद्यार्थी दिवसभर मराठी-हिंदी दोन्ही बोलतो. ‘चेष्टा’ म्हणजे मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठी वाचताना हिंदी अर्थही जागा होतो का, हा आपला प्रश्न. प्रयोग 1 मध्ये पडद्यावर दोन शब्द येतात आणि मराठीत त्यांचा अर्थाने संबंध आहे की नाही, याचं बटण दाबायचं असतं. ‘चेष्टा–प्रयत्न’ला बरोबर उत्तर ‘नाही’. तुलनेसाठी ठेवलेल्या ‘वस्ती–प्रयत्न’लाही ‘नाही’च. पहिल्या जोडीला ‘नाही’ म्हणायला जास्त वेळ लागला, तर हिंदी अर्थ आडवा आला असं म्हणता येतं.

आता समजा यादीत ‘शिक्षा–शाळा’ ही जोडीही आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, म्हणून ती घेतली. पण शाळेत शिक्षा होतेच! हिंदीचा गंध नसलेला माणूसही इथे अडखळेल. हा दोष एकूण सरासरीत दिसत नाही. प्रत्येक जोडीचे वेळ आणि चुका वेगळ्या काढल्या की दिसतो: अशा दोन-चार जोड्यांनाच ‘हो’ची उत्तरं जास्त पडलेली असतात.

हे लिहायची जागा प्रयोग 1 ची चर्चा. ती एक-दोन परिच्छेदांची पुरे. काय दिसलं, कोणतं दुसरं स्पष्टीकरण शिल्लक राहतं आणि ते कशाने तपासता येईल, एवढंच तिथे यावं. जुनं संशोधन आणि सिद्धान्त इथे उघडून बसू नका. प्रयोग 2 ची सुरुवात मग तीन-चार वाक्यांत होते: जोड्या आधी वेगळ्या गटाकडून मराठी अर्थाने तपासून घेतल्या, संबंध जाणवणाऱ्या गाळल्या, परिणाम हिंदी अर्थामुळे असेल तर टिकेल, जोड्यांमुळे असेल तर घटेल. पद्धतीत ‘प्रयोग 1 प्रमाणेच, पुढील बदल वगळता’ असं लिहून बदल सांगा. मात्र सहभागींची संख्या, वगळण्याचे निकष आणि यातलं कोणी आधीच्या प्रयोगात नव्हतं, हे प्रत्येक वेळी पुन्हा लिहावंच लागतं.

सगळ्यात मोठी चूक यानंतर होते. समजा प्रयोग 3 मध्ये बाकी सगळं तेच ठेवून सूचना आणि सराव हिंदीत दिला. प्रयोग 2 मध्ये फरक 12 मिलिसेकंद आला, प्रयोग 3 मध्ये 24. दोन्हींची प्रमाण त्रुटी 10. भागाकार 1.2 आणि 2.4, म्हणजे पहिला फरक सार्थ नाही, दुसरा आहे. लगेच सर्वसाधारण चर्चेत वाक्य येतं: ‘हिंदी वातावरणाने परिणाम वाढला.’ पण हा दावा दोन फरकांमधल्या फरकाचा आहे. तो 12, आणि त्याची प्रमाण त्रुटी अशी:

```
√(10² + 10²) = 14.1
12 / 14.1 = 0.85
```

म्हणजे वाढ दिसलेली नाही. एक सार्थ आणि दुसरा असार्थ, यावरून दोघांत फरक आहे असं ठरत नाही. शिवाय एक गट एप्रिलच्या परीक्षेच्या धामधुमीत घेतला आणि दुसरा जुलैत नवी बॅच आल्यावर, तर भाषेव्यतिरिक्तही बरंच बदललेलं असतं. हा दावा हवाच असेल तर मराठी आणि हिंदी सूचना एकाच प्रयोगात, यादृच्छिक वाटपाने द्याव्या लागतील. ते शक्य नसेल तर दावा सोडा.

सर्वसाधारण चर्चा म्हणजे तिन्ही छोट्या चर्चांची बेरीज नव्हे. पहिल्या परिच्छेदात प्रस्तावनेतल्या प्रश्नाचं थेट उत्तर हवं, सांख्यिकी आकड्यांशिवाय. आपल्या उदाहरणात ते असं: जोड्या गाळल्यावर परिणाम स्पष्ट राहिला नाही, हिंदी सूचनांखाली तो दिसला, पण सूचनांच्या भाषेने तो बदलतो असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. सिद्धान्त, आधीच्या निष्कर्षांशी तुलना आणि मर्यादा त्यानंतर. लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाला एक कसोटी लावा: तो जसाच्या तसा एखाद्या प्रयोगाच्या चर्चेत बसतो का? बसत असेल तर त्याची जागा तिथे आहे.

शीर्षकांबाबत: एपीए शैलीत ‘प्रयोग 1’ आणि ‘सर्वसाधारण चर्चा’ ही पहिल्या पातळीची शीर्षकं, तर ‘पद्धत’ आणि ‘निष्कर्ष’ दुसऱ्या आणि ‘सहभागी’ तिसऱ्या पातळीवर. एकच प्रयोग असलेल्या पेपरमध्ये ‘पद्धत’ पहिल्या पातळीवर असते. जुन्या फाइलवर लिहायला घेतलं की ती तशीच राहून जाते आणि कोणती पद्धत कोणत्या प्रयोगाची, याचा गोंधळ होतो.