आपलं नाव जपानीत कसं बसवावं, आणि 'त'ला 'उ' का लावू नये

मी पुण्यात जपानी शिकवते. प्रत्येक नव्या बॅचमध्ये पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "मॅडम, माझं नाव काताकानात कसं लिहू?" त्याआधी त्याने कुठेतरी वाचलेलं असतं की अर्ध्या अक्षराला 'उ' लावला की काम झालं. हा सल्ला निम्मा बरोबर आहे, म्हणूनच जास्त त्रास देतो.

काताकानाचा तक्ता पाठ आहे असं मी धरून चालते.

आधी नाव बोला आणि जसं ऐकू येतं तसं लिहून काढा. इंग्रजी स्पेलिंगवरून जाऊ नका. 'प्रसाद'च्या शेवटी आपण 'अ' म्हणत नाही, म्हणून तिथे 'द्' आहे असं समजा. लिहिताना ल आणि ळ दोन्हींचा 'र' करा, ट आणि त एकच माना, महाप्राण सोडून द्या.

आता जोडाक्षरं शोधा. मराठीला जोडाक्षरांचं काहीच वाटत नाही. 'स्त्री' म्हणताना तीन व्यंजनं आपण एका दमात घेतो. जपानीत व्यंजनामागोमाग स्वर यावाच लागतो. अपवाद थोडे आहेत: 'क्य', 'र्यु'सारखा मध्ये 'य' घेतलेला उच्चार चालतो, अक्षराच्या शेवटी 'न्' चालतो आणि 'क्का', 'प्पु'सारखं द्वित्त चालतं. यात न बसणाऱ्या प्रत्येक व्यंजनाला एक स्वर द्यावा लागतो. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडेही 'प्रसाद'चा 'परसाद' होतो आणि 'फिल्म'ची 'फिलिम' होते. फरक इतकाच की आपल्याकडे काहीजण तसं बोलतात, जपानीत सगळेच बोलतात.

हे लिपीमुळे होतं, काताकानात हलन्त नाही म्हणून, असं अनेकजण ठासून सांगतात. तसं असतं तर कानाला फरक कळला असता. एमान्युएल द्यूपू आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'एबुझो' या बनावट शब्दातला 'उ' त्यांनी थोडाथोडा कापत शेवटी पूर्ण काढून टाकला. फ्रेंच श्रोत्यांना 'एब्झो' ऐकू आलं. जपानी श्रोत्यांना मात्र, 'उ' उरलेला नसतानाही, बहुतेक वेळा तो ऐकू येत होता. म्हणजे स्वर तोंडात येण्याआधी कानातच भरला जातो.

आता मुख्य प्रश्न: कोणता स्वर भरायचा? मी स्वतः इथेच आपटले होते. शिकत असताना भावाचं नाव, अमृत, मी मोठ्या ऐटीत 'आमुरुत्सु' लिहून नेलं. सेन्सेईंनी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे कोण?"

'उ' हा ठरलेला स्वर आहे, कारण जपानीत तो सगळ्यांत कमी जागा घेतो. 'क', 'स', 'प' अशा अघोष व्यंजनांच्या मध्ये किंवा शेवटी आला तर तो जवळजवळ कुजबुजीइतका उरतो. मूळ शब्दाला कमीत कमी धक्का लावायचा असेल तर असाच स्वर हवा. पण 'त'च्या रांगेत गडबड आहे. जपानीत ती रांग ता, ची, त्सु, ते, तो अशी जाते. 'त'ला 'उ' लावला की व्यंजनच बदलतं आणि 'त्सु' होतं. 'द'चंही तेच, 'दु' म्हणायला जावं तर 'झु' येतं. स्वर वाचवायला जाऊन व्यंजन गमवायचं हा तोट्याचा सौदा, म्हणून 'त' आणि 'द' यांना 'ओ' लावतात. अमृत झाला 'आमुरुतो', अद्वैत झाला 'आदोवाइतो'.

आता काताकानात 'तु' लिहायची सोय आहे, म्हणून काही हुशार विद्यार्थी ती वापरतात. वापरू नका. ऐकणाऱ्याची अपेक्षा 'तो'चीच असते.

'च' आणि 'ज' यांच्यामागे 'इ' येतो: मनोज 'मानोओजी' होतो, संत्र्याचं इंग्रजी नाव 'ओरेन्जी' होतं. 'श'ला 'शु' लावा: निलेश म्हणजे 'निरेएशु'. गणपतीला मात्र जपानीत 'गानेएश्या' म्हणतात, कारण तो संस्कृतातून गेला. तुमच्या टीममधला गणेश 'गानेएशु'च.

जुने शब्द हे नियम मोडतात, आणि त्यांच्यावरून नियम शिकणं हाच मोठा धोका. केकला 'केएकी' म्हणतात म्हणून 'क'ला 'इ' लावायचा, असं ठरवू नका. इंग्रजीतला 'स्ट्राइक' जपानीत दोनदा शिरला आहे. कामगारांचा संप तो 'सुतोराइकी', बेसबॉलमधला 'सुतोराइकु'. काचेचंही तसंच. डचमधून आलेला 'गारासु' म्हणजे खिडकीची काच, यात पुढचाच स्वर मागे उचलला आहे. इंग्रजीतून आलेला 'गुरासु' म्हणजे पेला. नवीन नावासाठी आजची चाल धरा: 'क'ला 'उ'.

आता एक नाव पुरतं करून बघू, विक्रांत. 'वि'चा बहुतेक जण 'बि' करतात. 'क्' एकटा आहे, त्याला 'उ'. 'रा' दीर्घ, म्हणजे दोन ठोके. 'न्' जपानीला चालतो, त्याला काही लावायचं नाही. शेवटचा 'त्', त्याला 'ओ'. झालं 'बि-कु-रा-आ-न्-तो'. मराठीत वि-क्रांत ही दोन अक्षरं, जपानीत सहा ठोके. प्रत्येक ठोक्याला एक टाळी वाजवा आणि सगळे ठोके सारख्या वेळेचे ठेवा. कुजबुजीतला 'उ' ऐकू आला नाही तरी त्याची टाळी वाजलीच पाहिजे. आपली मंडळी इथे दोन चुका करतात. एक तर तो 'उ' खणखणीत 'ऊ' करून म्हणतात, नाहीतर तो गाळतात आणि ठोकाही खातात. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण ठोका गेला की ऐकणाऱ्याला वेगळाच शब्द वाटतो.

द्वित्ताबद्दल माझं मत पक्कं आहे. इंग्रजी शब्दात ऱ्हस्व स्वरानंतर शेवटी स्पर्श व्यंजन आलं की जपानी ते सहसा दुप्पट करतात. कप झाला 'काप्पु', बेड झाला 'बेद्दो'. हा नियम मराठी नावांना लावू नका. 'भट' हे आडनाव या नियमाने 'बात्तो' होतं, आणि 'बात्तो' म्हणजे बेसबॉलची बॅट. 'दत्त'मध्ये मुळातच द्वित्त आहे, तिथे 'दात्तो' लिहा. 'भट'ला 'बातो' पुरे.

शेवटी जे ठरेल ते लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच द्या. जपानी बँकेत खात्याचं नाव काताकानात नोंदवतात आणि पैसे पाठवताना तेच जुळावं लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीने, प्राजक्ताने, बँकेत 'पुराजाकुता' दिलं आणि कंपनीत 'पुराआजाकुता'. तिचा पहिला पगार परत गेला, दीर्घ स्वराच्या एका आडव्या रेघेपायी.