ईसॉपचं ग्रँट लेटर वाचायचं कसं

ईसॉप म्हणजे कंपनी कर्मचाऱ्यांना देते ते ऑप्शन्स. त्यांचं ग्रँट लेटर आलं की सगळे आधी ऑप्शन्सचा आकडा बघतात आणि लगेच कॅल्क्युलेटर उघडतात. तो आकडा जरा बाजूला ठेवा, आधी तारखा शोधा, कारण त्या आकड्यातले किती तुमचे आणि कधी हे तारखांवरच ठरतं.

समजा लेटरमध्ये ४८०० ऑप्शन्स आहेत, स्ट्राइक प्राइस ४० रुपये, व्हेस्टिंग, म्हणजे ऑप्शन्स हळूहळू तुमचे होणं, ४ वर्षांचं, १ वर्षाचा क्लिफ आणि त्यानंतर दर महिन्याला. ऑप्शन म्हणजे शेअर नाही बरं का, तो ४० रुपयांना एक शेअर विकत घ्यायचा हक्क आहे, उद्या शेअर कितीलाही जावो. अशा लेटरवर बऱ्याचदा दोन तारखा असतात. एक ग्रँट डेट, म्हणजे बोर्डाने मंजूर केलं ती. दुसरी व्हेस्टिंग सुरू व्हायची, जी बहुतेक वेळा जॉइनिंगची असते. इथे ग्रँट २० सप्टेंबर २०२३ ची आणि व्हेस्टिंग १५ जून २०२३ पासून असं धरू. दुसरी तारीख लेटरमध्ये दिसलीच नाही तर एचआरला मेल करून लेखी विचारा, कारण घड्याळ ग्रँट डेटपासून सुरू झालं तर तुमचे तीन महिने असेच गेले.

आता वहीत मांडा. ४८०० भागिले ४८ महिने, म्हणजे महिन्याला १००. पण पहिलं वर्ष क्लिफ, म्हणजे १५ जून २०२४ पर्यंत हातात शून्य, आणि त्या दिवशी एकदम १२०० व्हेस्ट होतात. १० जूनला नोकरी सोडली तर पाच दिवसांसाठी १२०० गेले, अर्धेमुर्धे वगैरे काही मिळत नाहीत. क्लिफनंतर दर १५ तारखेला १००. समजा तुमचा शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी २०२५, तर जुलै ते फेब्रुवारी आठ हप्ते म्हणजे ८००, आधीचे १२०० धरून २०००. उरलेले २८०० लॅप्स. आणि हेच व्हेस्टिंग महिन्याऐवजी वर्षाला एकदा असतं तर त्याच तारखेला तुमच्याकडे फक्त १२०० असते! म्हणून "४ वर्षं" एवढंच वाचून थांबू नका, क्लिफनंतर हप्ता किती महिन्यांनी पडतो ते बघा. काही कंपन्या पहिल्या वर्षांना कमी आणि शेवटच्या वर्षांना जास्त टक्के देतात, तिथे सरळ भागाकार चालत नाही, लेटरमधला तक्ताच धरावा लागतो. नोटिस पिरियडमध्ये व्हेस्टिंग चालू राहतं की राजीनाम्याच्या दिवशीच थांबतं हे पण बघून ठेवा.

मग स्ट्राइक प्राइस. व्हेस्ट झालेले २००० एक्झरसाइज करायचे, म्हणजे तो हक्क वापरून शेअर घ्यायचे, तर २००० गुणिले ४०, म्हणजे ८०,००० रुपये तुम्हाला कंपनीला भरायचेत. शेअरची फेअर व्हॅल्यू त्या दिवशी १४० असेल तर शेअरमागे १०० चा फायदा, एकूण २ लाख, पण कागदावर. बऱ्याच देशांत या फरकावर एक्झरसाइज करतानाच टॅक्स लागू शकतो आणि कंपनी लिस्टेड नसेल तर शेअर विकून तो भरायची सोय बहुतेक वेळा नसते, खिशातूनच जातो. बरं, ऑफर देताना "इन्व्हेस्टरने अमुक भावाने घेतलेत" असं सांगतात तो भाव बहुतेक वेळा प्रेफर्ड शेअर्सचा असतो. तुम्हाला मिळणार साधे कॉमन शेअर्स, आणि कंपनी स्वस्तात विकली गेली तर प्रेफर्डवाल्यांचे पैसे आधी सुटतात. तो भाव गुणिले ४८०० करून घराचे हप्ते ठरवू नका.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते नोकरी सोडल्यानंतरच्या एक्झरसाइज विंडोमध्ये, म्हणजे एक्झरसाइज करायला मिळणाऱ्या मुदतीत. ही ओळ लेटरमध्ये नसतेच कधीकधी, "प्लॅनच्या अटी लागू" एवढंच असतं. प्लॅन म्हणजे कंपनीची ईसॉपची मूळ नियमावली, आणि लेटर आणि प्लॅनमध्ये फरक असेल तर सहसा प्लॅन वरचढ ठरतो, तेव्हा प्लॅनची पूर्ण पीडीएफ मागून घ्याच. ९० दिवसांची विंडो असेल तर आपल्या उदाहरणात २९ मे २०२५ पर्यंत ८०,००० अधिक जो काय टॅक्स असेल तो भरायचा, नाहीतर व्हेस्ट झालेले २००० सुद्धा गेले. काही प्लॅनमध्ये विंडो कित्येक वर्षांची असते, तो फायदा मला तरी ५०० ऑप्शन्स जास्त मिळण्यापेक्षा मोठा वाटतो. त्याच पानावर "कॉज" ची व्याख्या सापडेल, म्हणजे कशावरून काढून टाकलं तर व्हेस्टेड पण जप्त होतात ते. व्याख्या फारच मोघम असेल तर सही करायच्या आधी विचारायचं, नंतर कोणी बदलून देत नाही.

शेवटी टक्केवारी. ४८०० हा आकडा एकूण किती शेअर्सपैकी आहे ते लेटरमध्ये बहुतेक नसतं, म्हणून फुली डायल्यूटेड शेअर्स, म्हणजे सगळे ऑप्शन्सही शेअर झाले असं धरून एकूण, किती असं विचारा. १ कोटी असतील तर तुमचा वाटा ०.०४८ टक्के, १० लाख असतील तर ०.४८.