बीपी असताना नाक चोंदलं, तर मेडिकलमधून काय घ्यावं?

मेडिकलच्या काउंटरवर "सर्दीची एखादी गोळी द्या" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, "बीपीची किंवा ठोक्यांची गोळी चालू आहे का?" बऱ्याच जणांना हा प्रश्न अनाठायी वाटतो. नाकाचा आणि बीपीचा काय संबंध?

संबंध असा: सर्दीत नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि वाट बंद होते. नाक मोकळं करणारं औषध त्या आकसवतं. पण पोटात गेलेली गोळी फक्त नाकापुरती थांबत नाही. ती अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे दाब वाढतो. स्यूडोएफेड्रिन हृदयाचे ठोकेही वाढवतं. ज्यांना आधीच धडधड होते किंवा ठोके अनियमित पडतात, त्यांना ते महागात पडू शकतं.

म्हणून सगळ्यात आधी स्ट्रिप उलटी करा. पुढच्या बाजूला ब्रँडचं नाव असतं, मागे बारीक अक्षरांत घटक. तिथे फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन दिसलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी घेऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीचं औषध आणि फिनाइलएफ्रिन एकत्रच असतात. कशात कॅफीनही असतं. म्हणजे ताप उतरवायला घेतलेल्या गोळीतून नको ते औषधही पोटात जातं. त्यातही पोटातून घेतलेल्या फिनाइलएफ्रिनने नाक मोकळं होतच नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये म्हटलं. मग जोखीम घ्यायचीच कशाला? नावाच्या शेवटी 'डी' असलेल्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्याही तपासून घ्या, त्यात बहुधा स्यूडोएफेड्रिन असतं.

थेंबांचं वेगळं आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब बरेचसे नाकातच काम करतात, म्हणून लोक त्यांना औषध मानतच नाहीत. आमच्याकडे येणारे एक काका अ‍ॅम्लोडिपिन नियमित घेत होते, तरी बीपी 156 च्या खाली येईना. डॉक्टर दुसरी गोळी सुरू करणार होते. बोलता बोलता काकांनी शर्टाच्या खिशातून छोटी बाटली काढली आणि माझ्यासमोरच दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले. पाच आठवडे, दर तीन-चार तासांनी! थेंबांचा असर ओसरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. सर्दी केव्हाच गेली होती. आता नाक थेंबांमुळेच बंद होत होतं आणि रोज थोडं थोडं औषध अंगात मुरत होतं.

डॉक्टरांनी त्यांना आधी एकाच नाकपुडीतले थेंब बंद करायला सांगितले. दुसरी चालू असल्यामुळे रात्री श्वास घेता येत होता. पहिली मोकळी झाली, मग दुसरी बंद. सोबत फ्लुटिकासोनचा स्प्रे दिला. त्याने बीपी वाढत नाही, पण पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. तीन आठवड्यांनी काकांचं बीपी 138 वर आलं आणि दुसरी गोळी टळली. डॉक्टरांनी असे थेंब सांगितलेच, तर तीन दिवसांची मर्यादा पाळा.

मग सर्दीत घ्यायचं काय? माझा पहिला सल्ला मिठाच्या पाण्याच्या थेंबांचा. सलाइनचे नाकाचे थेंब मेडिकलमध्ये स्वस्त मिळतात आणि दिवसातून कितीही वेळा चालतात. घरी करायचं तर एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा, विरघळवा आणि रोज ताजं करा. नेती करत असाल तर नळाचं पाणी तसंच कधीही वापरू नका. झोपताना उशी थोडी उंच घ्या. वाफेने बरं वाटतं, फक्त पातेलं सांडून भाजणार नाही याची काळजी घ्या. ताप, अंगदुखीला नुसतं पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, त्यांनीही दाब वाढतो. शिंका आणि पाणी गळत असेल तर साधी सेटिरिझिन किंवा लोराटाडिन चालते, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा.

घरचं म्हणून खोकल्याला जेष्ठमध चघळणाऱ्यांना मी हटकून थांबवतो. रोज खाल्लं तर त्याने शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि दाब चढतो. लघवीची किंवा डिगॉक्सिनची गोळी चालू असेल तर ठोक्यांचा धोका आणखी वाढतो.

चुकून नको ती गोळी घेतली गेली असेल, तर पुढची घेऊ नका. पाच मिनिटं शांत बसून बीपी मोजा. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर आकडा कितीही असो, 108 ला फोन करा. त्रास नसतानाही 180/120 च्या वर आकडा दिसला, तर पुन्हा मोजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ती स्ट्रिप सोबत न्या, म्हणजे पोटात काय गेलं ते त्यांना लगेच कळेल.