नवरा गरवायला जातो? लग्नाच्या वाढदिवसाला भेट देताना या चुका टाळा

आमच्या माळ्यावर मासे गरवायचा एक दहा फुटी रॉड आहे. रीलसकट साडेसहा हजारांना पडला. लग्नाच्या बाराव्या वाढदिवसाला मी तो नवऱ्याला दिला होता. त्याने दोनदा वापरला, दोन्ही वेळा माझ्यासमोर, आणि मग पावसाळ्यात "गंजेल हां" म्हणून जो वर गेला तो वरच राहिला.

देवगडच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको की इथे घरटी एक तरी माणूस गरवणारा, म्हणजे गळाने मासे पकडणारा, निघतो. माझा नवरा बँकेत आहे, पण रविवारी पहाटे खडपात किंवा खाडीच्या धक्क्यावर. पालू, तांबोशी, नशीब असेल तर गोबरं, आणि नसेल तर शेंगाळा. अशा माणसाला काय द्यायचं हे ठरवताना मी चार वर्षांत तीनदा आपटले. त्यावरून जे कळलं ते लिहिते आहे.

चूक पहिली: त्याचं मुख्य हत्यारच बदलून देणं

रॉड का फसला? दुकानदाराने चांगलाच दिला होता. पण माझा नवरा हातानेच गरवतो. प्लॅस्टिकच्या पाइपच्या तुकड्यावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, गुंडाळलेलं, टोकाला शिसं आणि गरी, म्हणजे गळाचा हूक, आणि तंगूस तर्जनीवरून सोडलेलं. मासा आमिषाला नुसता चोच लावतो की गिळतो, हे त्याला बोटावर कळतं. शिवाय तो जिथे बसतो तिथे गरी लांब फेकायची नसते, खडकाच्या कडेला सरळ खाली सोडायची असते. दहा फुटी रॉड तिथे नुसता अडचणीचा. तेव्हा तो म्हणाला, "मस्त आसा." दोन वर्षांनी आईशी बोलताना खरं कारण माझ्या कानावर पडलं: "माका त्याच्यात मासो कळणा नाय."

ज्याचा ज्यात हात बसलाय ते हत्यार तो स्वतःच निवडतो. रॉड असो, कॅमेरा असो, पेटी असो, ते बाहेरच्या माणसाने अचानक आणून द्यायची वस्तू नव्हे. द्यायचंच असेल तर त्याला दुकानात घेऊन जावं आणि त्याला निवडू द्यावं. यात गुपित राहत नाही, पण वस्तू माळ्यावरही जात नाही.

भेट फसली हे ओळखायचं कसं? "आवडलं का?" विचारून कळत नाही, कारण लग्नाच्या वाढदिवसाला "नाही" कोण म्हणेल? ती वस्तू तुम्ही सोबत नसताना घराबाहेर जाते का, ते बघा. माझा रॉड फक्त मी धक्क्यावर गेले तेव्हाच गेला होता.

चूक दुसरी: त्याला ज्यात मजा येते तेच काम आपण करून टाकणं

ही चूक जास्त फसवी, कारण त्यात कष्ट असतात. पुढच्या वर्षी मी ठरवलं की पैसे खर्च करायचे नाहीत, मेहनत करायची. वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढून, चौकटी आखून, रंगीत पेनाने एक तक्ता केला. आठवडाभर खपले. भिंतीवर लागला, पाहुण्यांना दाखवला गेला, पण त्याने तो कधी वाचला नाही.

कारण त्याला तो लागतच नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. रोज ती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अंदाजच हा, मिनिटाचा नेम नाही. पण दाढी करताना "आज चतुर्थी, म्हणजे तीनला भरती, म्हणजे पाचला पाणी उतरतं असेल" असं पुटपुटण्यात त्याचा निम्मा रविवार असतो. मी ती मजाच छापून भिंतीवर टांगली. शिवाय मी वेळा मुंबईच्या घेतल्या होत्या आणि त्या आमच्या किनाऱ्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. ते त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. बोलला नाही.

तिसऱ्या वर्षीचं थोडक्यात सांगते: माशाचं चित्र असलेला कप. गरवणाऱ्याला माशाचा कप देणं म्हणजे शिक्षिकेला खडूचं चित्र असलेला रुमाल देणं. मी शिक्षिका आहे, माझ्याकडे असे दोन आहेत.

मग बघायचं कुठे?

तो वैतागतो कुठे, तिथे. पण नुसतं विचारून हेही कळत नाही, "माका काय नको" एवढंच उत्तर येतं. मी एका रविवारी पहाटे त्याच्यासोबत गेले आणि मोबाईल न काढता दोन तास बसले. त्या दोन तासांत तीनदा गरी खडकात अडकली. दरवेळी ओढून तंगूस तुटलं, गरी गेली, शिसं गेलं. आणि दरवेळी तो चष्मा कपाळावर चढवून, गरी आभाळाकडे धरून, तिच्या नेढ्यात तंगूस ओवायला पाच-सात मिनिटं झगडला. पंचेचाळिशी उलटलेली, उजेड पुरता फुटलेला नाही, बोटं कोळंबीच्या आमिषाने बुळबुळीत. तेवढ्यात पाणी उतरत होतं. तो मला काही म्हणाला नाही, गरीला मात्र बरंच म्हणाला.

म्हणून यंदा मी त्याला बांधून तयार अशा वीस गऱ्या दिल्या. खर्च तीनशेच्या आत. पण त्यातही चुकायला भरपूर जागा आहे, म्हणून जरा सविस्तर.

गरीचा आकार अंदाजाने घेऊ नका, आणि आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. पाकिटावर नुसता आकडा असेल तर आकडा मोठा तशी गरी लहान: चार नंबरपेक्षा दोन नंबरची मोठी, त्याहून एक नंबरची मोठी. त्यापुढे १/०, २/० असे आकडे लागतात आणि तिथे उलटं, आकडा वाढेल तशी गरी वाढते. शिवाय सगळ्या कंपन्यांचा दोन नंबर एकसारखा नसतो. त्याच्या बिस्किटाच्या डब्यातली एक गंजकी गरी कागदात गुंडाळून बंदरावरच्या दुकानात न्या आणि "अशीच द्या" म्हणा. मी दोन नेल्या, एक लहान, एक मोठी, कारण डब्यात दोन्ही होत्या.

तंगुसाचाही तुकडा न्या. पण इथे एक मेख आहे. गरीला बांधायचं तंगूस मुख्य दोरापेक्षा थोडं बारीक हवं. तसं असलं की गरी अडकल्यावर तोच तुकडा तुटतो, शिसं आणि वरचा दोर वाचतो. दोन्ही सारख्या जाडीचं असेल तर कुठे तुटेल याचा नेम नाही, आणि त्या रविवारी नेमकं तेच होत होतं. त्याच्याकडचा दोर ०.७० मिलिमीटरचा निघाला, मी गऱ्यांसाठी ०.५० चं घेतलं. रिळाच्या लेबलावर जाडी छापलेली असते.

गाठ अशी: टोक नेढ्यातून ओवायचं, मूळ तंगुसाभोवती पाच वेढे द्यायचे, टोक परत गरीजवळच्या पहिल्या लहान फटीतून घालायचं, मग त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून काढायचं. ओढण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करायची. कोरडी ओढली तर घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं. हळू, एका दमात ओढायची. पहिल्या दहा गाठी मी कपडे वाळत घालायच्या दोरीवर आणि किल्लीच्या कडीवर शिकले, गरीवर नाही. प्रत्येक तुकडा हातभर ठेवला आणि मोकळ्या टोकाला एक साधा फास केला, म्हणजे धक्क्यावर नुसता अडकवायचा. नेढं शोधायचं कामच नाही.

प्रत्येक गाठ तपासा. गरी दाराच्या खिळ्याला अडकवा, तंगूस टॉवेल गुंडाळलेल्या हाताने जोरात ओढा. नुसत्या हाताने ओढाल तर बोट कापेल, आणि तोंड समोर ठेवू नका, सुटली तर गरी तुमच्याकडेच येते. माझ्या वीसपैकी चार सुटल्या. तपासल्यावर कळलं, मी गाठीचं शेपूट अगदी लगत कापलं होतं, ताण आला की ते आत सरकत होतं.

ठेवायच्या कशा? थर्माकोलच्या जाड पट्टीला खाचा पाडून तंगूस त्यावर गुंडाळा, गरीचं टोक पट्टीत टोचून ठेवा. सोबत एक रिकामी डबी द्या, वापरलेल्या गऱ्यांसाठी. खारं पाणी लागलेली एक गरी कोरड्यांत गेली की आठवड्यात सगळ्यांवर तांबूस डाग दिसतात. बिस्किटाच्या डब्याचं रहस्य तेच होतं.

काळजी भेट म्हणून गुंडाळू नका

खडपात घसरू नये म्हणून चांगल्या पकडीचे बूट किंवा लाइफ जॅकेट द्यावं असं मलाही वाटलं होतं. जरूर घ्या, पण वर्षभरात कधीही घ्या, घरखर्चातून घ्या. लग्नाच्या वाढदिवसाला दिलं की त्यात त्याचा छंद दिसत नाही, आपली धास्ती दिसते.

माझ्या शेजारच्या वहिनींच्या घरी हेच सगळं उलट बाजूने घडलं. त्यांना अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करायचा नाद. भावोजींनी घाटावरून महागडी गुलाबाची रोपं आणली, ती आमच्या पावसात मुळं कुजून गेली. वहिनींची खरी अडचण वेगळी होती: वळायला लागणारा केळीचा वाक, म्हणजे खोडाच्या सोपांचा दोरा. फुलं दारात, पण सोप कापून, सोलून, वाळवून ठेवायला वेळ नाही. यंदा भावोजींनी परसातल्या केळीचे सोप सोलून, वाळवून, जुडग्या बांधून दिल्या. वापरायच्या आधी पाण्यात भिजवल्या की झालं. खर्च शून्य. वहिनी ते दोन घरं सोडूनसुद्धा सांगत फिरतात.

तारीख आणि हंगाम

आमचं लग्न मेमधलं, कोकणातल्या बहुतेकांसारखं. म्हणजे भेट दिल्यावर तीन आठवड्यांत पाऊस, आणि खडपात जाणं बंद. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत गऱ्या घरात पडून राहणार, आणि पावसाळी हवेत गंजायला त्यांना खारं पाणीही लागत नाही. म्हणून मी मेमध्ये सहाच दिल्या. बाकीच्या चौदा पत्र्याच्या घट्ट डब्यात, तांदळाच्या डब्यामागे लपवून, नारळी पौर्णिमेला काढल्या.

त्यातल्या पाच पहिल्याच रविवारी खडकात गेल्या. शिसं एकही गेलं नाही. घरी येऊन त्याने पालू माझ्यासमोर ठेवला, रिकाम्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "आणखी बांध. पण शेपूट इल्ला लांब ठेव."