वार्षिक विम्याचं बिल बारा महिन्यांत कसं वाटावं

बिलातली विम्याची रक्कम ‘प्रीपेड विमा’ खात्याला नावे टाका आणि विमा कंपनीला जमा करा. जो कर तुम्हाला परत मिळतो तो वेगळ्या खात्यात जाईल; परत मिळत नसेल तर तोही प्रीपेडमध्येच धरा. पैसे कधी दिले, एकरकमी की हप्त्यांनी, याचा खर्चाच्या वाटणीशी काही संबंध नाही.

आता खरी मेख. ‘बाराने भागा आणि बिलाच्या महिन्यापासून टाकत चला’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पॉलिसी एक तारखेला सुरू होत असेल आणि बिलही त्याच महिन्याचं असेल, तेव्हाच तो चालतो. एरवी बिलाची तारीख विसरा आणि पॉलिसीवर विम्याची मुदत बघा.

समजा बिल 20 मेचं आहे, रक्कम 73,000 आणि मुदत 16 जून ते पुढच्या वर्षीचा 15 जून. मे महिन्यात खर्च शून्य, कारण विमा अजून सुरूच झालेला नाही. मुदत 365 दिवसांची, म्हणजे रोजचे 200. पहिल्या जूनचे 15 दिवस, म्हणून 3,000. जुलैचे 6,200, सप्टेंबरचे 6,000, असं करत शेवटच्या जूनला पुन्हा 3,000. वाटणी बारा नव्हे, तेरा ओळींची होते आणि ती तशीच व्हायला हवी. तेरावी ओळ बघून लोक बिचकतात आणि उगाच ती बाराव्यात कोंबतात.

दिवस मोजताना दोन्ही टोकं धरायची. सुरुवात A2 मध्ये आणि शेवट B2 मध्ये असेल, तर सूत्र असं:

```
=B2-A2+1
```

ते +1 राहिलं तर 364 येतात, रोजचा दर किंचित फुगतो आणि शेवटी प्रीपेड खातं उणे जातं. खातं उणे दिसलं की आधी इथेच बघा.

दर महिन्याची नोंद सोपी: विमा खर्च नावे, प्रीपेड विमा जमा. पैशांची किरकोळ तफावत शेवटच्या महिन्यात जिरवा.

पडताळणी मात्र टाळू नका. 31 मार्चला किती दिवस उरले? एप्रिलचे 30, मेचे 31, जूनचे 15, एकूण 76. म्हणजे प्रीपेड खात्यात 15,200 शिल्लक हवी. मेपासून बाराने भागत आला असाल तर तिथे 6,083 दिसतील, म्हणजे 9,117 इतका खर्च या वर्षात जास्त पडला. मागच्या महिन्याच्या शिलकेतून वजाबाकी करून पडताळणी होत नाही, तीच चूक पुढे सरकते. उरलेले दिवस नव्याने मोजा.

मध्येच संरक्षण वाढवून जादा रक्कम भरली, तर ती जुन्या वाटणीत मिसळू नका. वाढ लागू झाल्यापासून 15 जूनपर्यंतच्या दिवसांवर तिची स्वतंत्र ओळ करा.